सुरुंगाचे हादरे आणि शेजारची इमारत: मर्यादा कशी ठरवायची, मोजायचं कसं

पुण्यात दोन मजली तळघर खोदायचं म्हटलं की वरचा दोन-तीन मीटर मुरूम पोकलेन सहज काढतो आणि मग काळा कातळ लागतो. ब्रेकर लावला तर महिनोन्‌महिने जातात, म्हणून सुरुंगाचा विषय निघतो. त्याच दिवसापासून शेजारच्या सोसायटीचे सचिव गेटवर येऊ लागतात. अशा साइटवर हादरे मोजायचं काम ज्याच्या गळ्यात नव्याने पडलं आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: शेजारी तीन मजली, विटांच्या भिंतींची जुनी इमारत, खोदाईच्या जवळच्या कडेपासून 30 मीटरवर. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे अशा साइटवर येतात तसेच धरले आहेत.

आधी काय मोजतोय ते समजून घ्या

बार उडाला की त्याची लाट कातळातून सेकंदाला काही हजार मीटर वेगाने पळते. तो वेग आपण मोजत नाही. लाट पायाखालून जाताना तिथली जमीन जागच्या जागी मागे-पुढे, वर-खाली हलते. या हलण्याचा सर्वाधिक वेग म्हणजे पीपीव्ही, आणि तो मिलिमीटर प्रतिसेकंदात सांगतात. सगळ्या मर्यादा याच आकड्यात असतात.

दुसरा आकडा म्हणजे वारंवारिता, हर्ट्झमध्ये. नवखे लोक इथेच चुकतात: पीपीव्ही लिहून घेतात आणि हर्ट्झचा रकाना रिकामा सोडतात. एक साधा हिशोब करून बघा. पीपीव्ही 10 मिमी/सेकंद आणि वारंवारिता 40 हर्ट्झ असेल तर जमीन प्रत्यक्षात जेमतेम 0.04 मिमी सरकते. तोच पीपीव्ही 6 हर्ट्झला असेल तर ती सुमारे 0.27 मिमी सरकते, म्हणजे सहा-सात पट. शिवाय एक-दोन मजली घरांची स्वतःची डोलण्याची वारंवारिता साधारण 4 ते 12 हर्ट्झच्या आसपास असते. जमीन त्याच तालात हलली तर घर तो हादरा वाढवून घेतं. म्हणून वारंवारिता जितकी कमी तितकी मर्यादा कडक.

कोणती मर्यादा लावायची

भारतात बहुतेक जण खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएमएसचं, 1997 चं परिपत्रक क्रमांक 7 वापरतात. कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या इमारतींसाठी त्यातले आकडे असे आहेत, सगळे मिमी/सेकंदात आणि पायाच्या पातळीवर मोजायचे:

| इमारत | 8 हर्ट्झपेक्षा कमी | 8 ते 25 हर्ट्झ | 25 हर्ट्झपेक्षा जास्त |
|---|---|---|---|
| घरं: कच्ची, विटा-सिमेंटची | 5 | 10 | 15 |
| औद्योगिक, आरसीसी फ्रेमची | 10 | 20 | 25 |
| ऐतिहासिक, नाजूक वास्तू | 2 | 5 | 10 |

हे परिपत्रक खाणींसाठी आहे. शहरातल्या खोदाईवर ते आपोआप लागू होत नाही. टेंडरमध्ये किंवा सल्लागाराच्या पत्रात ते स्वीकारलेलं असतं म्हणून लागू होतं. तेव्हा पहिल्या दिवशी तो कागद मागून घ्या. काही टेंडरांत जर्मन मानक डीआयएन 4150 चा भाग 3 असतो. त्यात राहत्या घरांसाठी 10 हर्ट्झपर्यंत 5 मिमी/सेकंद, 10 ते 50 हर्ट्झमध्ये 5 पासून 15 पर्यंत चढत जाणारी रेषा आणि जपायच्या जुन्या वास्तूंसाठी 3 पासून सुरुवात आहे. दोन्ही मानकं मिसळून सोयीचा आकडा उचलायची सवय काही ठेकेदारांना असते. ती चालवून घेऊ नका.

आपली इमारत पहिल्या ओळीत बसते. बाहेरून प्लास्टर-रंग नवा असला आणि सोसायटीवाले 'आरसीसी आहे' म्हणत असले तरी भिंतीच भार घेत असतील तर ते घरच. खात्री नसेल तर कमी आकड्यांची, कडक ओळ घ्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सोसायटीला सांगून टाकावी. माणसाला घरात बसल्या बसल्या 0.3 मिमी/सेकंद एवढा हादराही जाणवतो आणि 1 च्या आसपास तक्रारी सुरू होतात. म्हणजे मर्यादेच्या खूप आत असतानाही तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना 'घर हललं' असं वाटणार, आणि ते खरंच हललेलं असतं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. बाराची वेळ आदल्या दिवशी कळवा. नेमक्या वेळी भोंगा वाजून बार झाला की निम्म्या तक्रारी कमी होतात, असा माझा तरी अनुभव आहे.

बाराआधीची पाहणी

ही पाहणी कंटाळवाणी असते, पण पुढच्या सगळ्या वादाचा निकाल तिच्यावर लागतो. प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक भिंतीचा, छताचा, खिडकीच्या कोपऱ्यांचा फोटो काढा. तडा दिसला की त्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या, तड्याची रुंदी क्रॅक गेजने मोजा आणि पेन्सिलने टोकाला बारीक रेघ मारून तारीख लिहा. पुढे तडा रेघेच्या पलीकडे गेला तर तो वाढला, हे कोणालाही दिसतं. मोठ्या तड्यांवर टेल-टेल, म्हणजे तड्याची हालचाल दाखवणारी पट्टी, चिकटवा. काचेची पट्टी तडकली की हालचाल झाली एवढंच कळतं. किती झाली ते कळायला दोन तुकड्यांची, रेघांची प्लास्टिक टेल-टेल बरी.

पाहणीच्या कागदावर घरमालकाची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. ज्या घरात आत जाऊ दिलं नाही तिथे तसं लिहून, तारीख घालून, बाहेरून फोटो काढून ठेवा. आणि शक्य असेल तर पाहणी आणि पहिला बार यांच्यात दोन-तीन आठवडे जाऊ द्या, त्या काळात टेल-टेल वाचत राहा. ऊन-पावसाने, भिंत वाळण्या-फुगण्याने तडे आपोआप उघडतात-मिटतात. एकही बार न उडता ते किती हलतात याची नोंद हाताशी असली की पुढचं बोलणं सोपं होतं.

एका वेळी किती स्फोटकं: पहिला अंदाज

हादरा ठरतो तो बारात एकूण किती माल भरला यावर नाही, एका डिलेत, म्हणजे एकाच क्षणी, किती फुटला यावर. एका बारात 20 होल असतील आणि प्रत्येक होल वेगळ्या डिलेवर असेल तर इमारतीपर्यंत पोचणारा हादरा साधारण एका होलचा. रूढ नियम असा की 8 मिलिसेकंदांच्या आत फुटलेलं सगळं एकत्र मोजायचं. ब्लास्टरला 'आज किती माल?' असं विचारलं तर तो एकूण सांगेल. विचारायचं ते असं: 'एका डिलेला जास्तीत जास्त किती?'

अंदाजाचं सूत्र हे:

```
PPV = K × (D / √Q)^(-b)
```

`D` म्हणजे बारापासून इमारतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये, `Q` म्हणजे एका डिलेतली स्फोटकं किलोत. `K` आणि `b` जागेनुसार बदलतात. जागेचं काहीच माहीत नसताना कातळासाठी `K = 1140`, `b = 1.6` ही प्रचलित सुरुवात आहे. कंसातल्या भागाला स्केल्ड अंतर म्हणतात.

आपल्या इमारतीचं बघू. वारंवारिता अजून माहीत नाही, म्हणून सर्वात कडक 5 मिमी/सेकंद धरू. सूत्र उलटं सोडवलं की स्केल्ड अंतर सुमारे 29.8 येतं, आणि 30 मीटरवर एका डिलेला जेमतेम 1 किलो चालतं. जॅकहॅमरच्या दीड मीटर होलमध्ये 125 ग्रॅमच्या चार कांड्या भरल्या तर अर्धा किलो होतं. म्हणजे कागदावर दोन होल एकत्र उडवता येतात. पण हा आकडा घेऊन थेट कामाला लागायचं नाही. पहिले बार चाचणीचे, एका डिलेला एकच होल, अर्धा किलो. सूत्र म्हणतं 30 मीटरवर 2.8 मिमी/सेकंद येईल.

यंत्र कुठे आणि कसं ठेवायचं

हादरे मोजायच्या सिस्मोग्राफला एक जिओफोन असतो. त्यात तीन दिशांचे सेन्सर असतात: बाराच्या दिशेने, तिला आडवा आणि उभा. सोबत हवेचा दाब मोजायला मायक्रोफोन. यंत्र महागडं असूनही रीडिंग बिघडतं ते बहुतेक वेळा जिओफोन ठेवण्याच्या पद्धतीमुळे.

जिओफोन इमारतीच्या बाराकडच्या बाजूला, पायाच्या शेजारी जमिनीत ठेवायचा, भिंतीपासून 3 मीटरच्या आत. वरची सैल माती, पालापाचोळा खरवडून काढायचा आणि छोटा खड्डा करून, खिळे दाबून, तो मातीत घट्ट गाडायचा. बुडबुड्याने समतल करायचा आणि त्याच्यावरचा बाण बाराकडे रोखायचा. कुंडीतल्या मातीत, पेव्हर ब्लॉकवर नुसता, सोसायटीच्या टाइलवर, पार्किंगच्या भरावावर ठेवलेला जिओफोन जमिनीचं खरं हलणं सांगत नाही.

गाडणं कधी अनिवार्य, हे हिशोबाने ठरतं. त्वरण 0.2 g च्या आत राहणार असेल तर वाळूची पिशवी वर ठेवून भागतं. त्यापुढे गाडायलाच हवा, नाहीतर तो घसरतो किंवा उडतो. 10 मिमी/सेकंद हा हादरा 22 हर्ट्झला आला तर त्वरण 0.14 g होतं. तोच 45 हर्ट्झला आला तर 0.29 g. कातळात जवळचे बार बऱ्याचदा जास्त वारंवारितेचे असतात, त्यामुळे मी तर पिशवीच्या भरवशावर राहतच नाही.

नोंद सुरू होण्याची पातळी, म्हणजे ट्रिगर, साधारण 0.5 मिमी/सेकंदावर ठेवा. खूप खाली ठेवली तर रस्त्यावरच्या पीएमपीच्या बसने यंत्र सुरू होत राहतं आणि मेमरी भरते. खूप वर ठेवली तर खरा बार निसटतो. बाराआधी सेन्सरची अंतर्गत तपासणी चालवा, घड्याळ जुळवा, जिओफोनचा, बाणाचा आणि इमारतीचा एकत्र फोटो घ्या. बार होऊनही यंत्र सुरूच झालं नाही तर 'हादरा 0.5 च्या आत होता' असं तुम्ही म्हणणार. ते सिद्ध करायला यंत्र चालू होतं याचा पुरावा लागतो. कॅलिब्रेशनचा दाखला वर्षाच्या आतला असावा.

दुसरं यंत्र मिळत असेल तर ते त्याच रेषेत 60 मीटरवर लावा. हादरा अंतराबरोबर किती झपाट्याने मरतो हे त्यातूनच कळतं, `b` तिथूनच निघतो.

चाचणीचे बार आणि खरा हिशोब

समजा तीन चाचणी बारांची रीडिंग 3.2, 3.6 आणि 4.1 मिमी/सेकंद आली, वारंवारिता 22 हर्ट्झच्या आसपास. अंदाज 2.8 चा होता. जास्त का? खोदाईच्या सुरुवातीला कातळाला मोकळी बाजू नसते. फुटलेल्या दगडाला पुढे सरकायला जागा नसली की ती ताकद जमिनीत जाते. त्यामुळे खड्डा उघडण्याचे पहिले बार सर्वात वाईट असतात, आणि सूत्राचे रूढ आकडे मोकळ्या बाजूच्या बारांचे आहेत.

आता सरासरी घ्यायची नाही, सर्वात मोठं रीडिंग धरायचं. 4.1 वरून `K` सुमारे 1650 येतो, `b` तूर्त 1.6 च ठेवू. वारंवारिता 8 ते 25 च्या रकान्यात आहे, म्हणून मर्यादा 10. या आकड्यांनी 30 मीटरवर एका डिलेला दीड किलो बसतं, म्हणजे तीन होल. ठेकेदार लगेच तीनच म्हणेल. मी दोन देतो: 1 किलोला अंदाज 7.1 मिमी/सेकंद येतो, मर्यादेच्या साधारण 70 टक्के. उरलेलं 30 टक्के लागतंच. साध्या पायरोटेक्निक डिलेची वेळ थोडी मागेपुढे होते आणि दोन डिले एकमेकांवर चढू शकतात. एखादा होल ठरल्यापेक्षा जास्त भरला जातो. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर असतील तर पहिली भीती बरीच कमी होते.

हा आकडा कायमचा नाही. खोदाई इमारतीकडे सरकते तसं `D` कमी होतं. 18 मीटरवर तेच गणित 0.55 किलो देतं, म्हणजे डिलेला एक होल, चार कांड्या, आणि तेही मर्यादेला टेकून. तिथे तीन कांड्या बऱ्या. 10 मीटरवर 0.17 किलो येतं, जेमतेम एक कांडी. एका कांडीने कातळ फुटत नाही, फक्त भांडण होतं. म्हणून त्या पट्ट्यात सुरुंग बंद करून ब्रेकर, डायमंड वायर सॉ किंवा होलमध्ये भरायची प्रसरण पावणारी पावडर वापरायची, हे आधीच आराखड्यावर रेघ मारून ठरवून टाका. ऐन वेळी ठरवायला गेलात तर घाई जिंकते.

स्फोटकांचा परवाना आणि हाताळणी 2008 च्या स्फोटक नियमांखाली येते. त्याचं पाहणारी संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोजणाऱ्याने त्यात हात घालायचा नाही. होल भरायचं काम परवानाधारक ब्लास्टरचं. आपण त्याच्याकडून दर बाराचा तक्ता घ्यायचा: होल किती, प्रत्येकात किती, डिलेचा क्रम काय, अंतर किती. हा तक्ता नसलेलं रीडिंग पुढच्या हिशोबाला निरुपयोगी.

रीडिंग खरं आहे का, कसं ओळखायचं

छापून आलेल्या पानावरचा मोठा आकडा वाचून थांबू नका, लाटेचा आलेख उघडा. खरा बार तिन्ही दिशांत जवळपास एकाच क्षणी सुरू होतो, डिलेप्रमाणे चढउतार दाखवतो आणि हळूहळू विरतो. एकाच दिशेत 40 मिमी/सेकंद आणि बाकी दोन्हींत 3 असेल, तर बहुधा कोणाचा तरी पाय लागला किंवा केबल ओढली गेली. आलेख शून्यावर परत न येता एका बाजूला कलून राहिला असेल तर जिओफोन तिरका झाला. नोंदीची वेळ ब्लास्टरच्या घड्याळाशी जुळते का, हेही बघा.

वारंवारिताही डोळे मिटून घेऊ नका. यंत्र ती सर्वोच्च शिखराजवळ शून्यरेषा ओलांडण्याच्या अंतरावरून काढतं, आणि दुसरीकडे पूर्ण लाटेचं एफएफटी, म्हणजे तिच्यात कोणती वारंवारिता किती जोरात आहे याचा आलेखही देतं. दोन्हींत 35 आणि 9 असा फरक दिसला तर शिखर एका टोकदार लाटेचं आहे, पण मागे संथ हेलकावाही आहे. मुरूम किंवा काळी माती जाड असेल तर असं होतं. अशा वेळी मर्यादा कमी वारंवारितेची लावा.

खिडक्या खडखडल्या आणि जिओफोनवर मात्र 1.5 च आहे, असं झालं तर मायक्रोफोनची नोंद बघा. हवेतला धक्का सेकंदाला सुमारे 340 मीटरने येतो, म्हणून 30 मीटरवर तो जमिनीच्या हादऱ्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, थोडा मागून दिसतो. कारण बहुतेक वेळा स्टेमिंग कमी पडणं हेच असतं: होलचं तोंड नीट ठासलेलं नसतं आणि वायू वर निसटतो. डिलेतला माल कमी करून हे सुटणार नाही, तोंड ठासून भरल्याने सुटेल.

पाइल ठोकत असतील तर

मुंबईत बहुतेक पाइल खणून भरतात, तरी केसिंग व्हायब्रो हॅमरने उतरवतात आणि काही जागी पाइल ठोकतातही. इथे दोन गोष्टी वेगळ्या. हादरा एकदा येऊन जात नाही, तासन्‌तास चालतो. डीआयएनमध्ये अशा दीर्घकाळ चालणाऱ्या हादऱ्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, राहत्या घरांच्या सर्वात वरच्या मजल्यावर आडव्या दिशेत 5 मिमी/सेकंद. म्हणून इथे एक जिओफोन वरही लागतो. व्हायब्रो हॅमर सुरू आणि बंद होताना वारंवारिता खालून वर आणि वरून खाली सरकते. त्या काही सेकंदांत ती जमिनीच्या किंवा मजल्याच्या तालाशी जुळली की हादरा उसळतो. नोंदीत सुरुवातीला आणि शेवटी दोन शिंगं दिसली तर कारण हेच. उपाय यंत्रातच असतो: असंतुलित वजन फिरायला लागल्यावर, पूर्ण वेग आल्यानंतरच भार देणारा हॅमर मागवायचा.

दुसरी गोष्ट पीपीव्हीत दिसतच नाही. खाली सैल, पाण्याने भरलेली वाळू असेल तर मर्यादेतल्या हादऱ्यांनीही ती हळूहळू दबते आणि पाया खचतो. त्यामुळे अशा जागी इमारतीवर खचण्याचे बिंदू लावून रोज लेव्हल घ्यायची, जिओफोन कितीही शांत असला तरी.

मर्यादा ओलांडली तर

मी दोन पातळ्या आधीच लिहून घेतो आणि ठेकेदार, सल्लागार, सोसायटी तिघांच्या सह्या घेतो. 7 मिमी/सेकंद ओलांडलं तर काम चालू, पण पुढच्या बाराला डिलेतला माल एक होलने कमी आणि त्याच संध्याकाळी हिशोब नव्याने. 10 ओलांडलं तर पुढचा बार नाही. आधी आलेख तपासायचा, मग ब्लास्टरच्या तक्त्याशी जुळवायचं. किती मिलिसेकंदांनी कोणता होल फुटला हे आलेखावरच्या शिखरांच्या अंतरावरून बऱ्याचदा कळतं. 25 मिलिसेकंदांनी यायला हवी होती ती दोन शिखरं एकात मिसळलेली दिसली की डिले चढला. त्याच दिवशी इमारतीत जाऊन पेन्सिलच्या रेघा आणि टेल-टेल बघायच्या, नवे फोटो काढायचे, आणि घरमालक सोबत असतानाच.

त्या भेटीत कोणी बोटभर लांब नवा तडा दाखवला, तर 'जुनाच आहे' असं तिथल्या तिथे म्हणू नका. पाहणीची प्रत काढा, त्या भिंतीचा फोटो शोधा, दोघांनी मिळून बघा. फोटोत असेल तर तेच पुरेसं बोलतं. फोटोत नसेल तर तसं लिहून घ्या, रुंदी मोजा, टेल-टेल लावा आणि सल्लागाराचं मत येईपर्यंत त्या बाजूचे बार थांबवा.